फाटकाबाहेरचा धूर आणि पालकांना जाणारी सूचना

शाळेच्या फाटकाबाहेर विद्यार्थी सिगारेट ओढताना दिसू लागले की शाळेकडून जी सूचना निघते, तिचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. "सर्व पालकांस कळविण्यात येते की, अलीकडे आपल्या शाळेतील अनेक विद्यार्थी फाटकाजवळ धूम्रपान करताना आढळून येत आहेत. ही बाब अत्यंत गंभीर असून पालकांनी आपल्या पाल्यावर लक्ष ठेवावे. यापुढे असा प्रकार आढळल्यास संबंधितांवर कडक कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." तीन वाक्ये, खाली सही आणि शिक्का. माझे म्हणणे असे आहे की या तिन्हींपैकी एकही वाक्य आहे तसे ठेवण्याजोगे नाही. ती कठोर आहेत ही माझी तक्रार नाही. मुळात ती पुरेशी कठोर नाहीतच. त्यांत नियम मोघम आहे आणि जरब मात्र नेमकी मुलावर रोखलेली आहे. शिक्षकाने पालकांना लिहायचे पत्र याच्या बरोबर उलट असायला हवे, म्हणजे नियमाच्या बाबतीत काटेकोर आणि मुलाच्या बाबतीत समजूतदार.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. "अनेक विद्यार्थी" हे शब्द लिहिणाऱ्याला वाटते की प्रकरणाचे गांभीर्य त्याने पालकांच्या मनावर ठसवले. पण ही सूचना पालकांच्या आधी कोण वाचतो, याचा विचार त्याने केलेला नसतो. कागद दप्तरातून जातो, घरी पोहोचेपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाने तो वाचलेला असतो, आणि जे मूल आजवर त्या भिंतीपाशी कधी थांबलेले नाही त्यालाही आता शाळेच्या शिक्क्यानिशी कळते की बरेच जण ओढतात. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले तुकडे तिथे पडलेले असतात आणि पर्यटक ते खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाट्या बदलून प्रयोग केला. पूर्वी आलेल्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचे रूप पालटते आहे, अशी खंत व्यक्त करणारी पाटी जिथे होती तिथले खुणा करून ठेवलेले सुमारे ८ टक्के तुकडे गायब झाले. कृपया तुकडे नेऊ नका, एवढेच सांगणारी पाटी जिथे होती तिथे हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी राहिले. सगळेच करतात असे सांगून कोणाला परावृत्त करता येत नाही. किशोरवयात तर हे अधिकच खरे असते, कारण आपल्या वयाची किती मुले ओढतात याचा मुलांचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्तच असतो, आणि आपली सूचना त्या चुकीच्या अंदाजावर अधिकृत मोहोर उठवते.

म्हणून पत्रात जे पाहिले तेवढेच लिहावे. कोणी पाहिले, कुठे पाहिले, दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिले, हे लिहिता येते आणि लिहायलाच हवे; नावे आणि वर्ग लिहू नयेत. "आढळून येत आहेत" या रचनेत पाहणारा कोणीच नसतो, आणि पालकाला पहिली शंका तीच येते की ही ऐकीव गोष्ट तर नाही. जे आपण स्वतः पाहिले ते "मी पाहिले" असे लिहिणारा शिक्षक पालकाला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि अधिक कठोरही.

आता जागेविषयी. मुले फाटकापाशीच का ओढतात, घराच्या आसपास किंवा एखाद्या आडोशाला का नाही, याचे उत्तर पालकांना ठाऊक असायला हवे. आवारात बंदी असते, घरी भीती असते. फाटकाबाहेरची चार पावले ही दोन्ही अधिकारांच्या मधली मोकळी पट्टी असते. शिवाय तिथे प्रेक्षक असतात. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुले, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, कधी एकट्याने आणि कधी मित्रांच्या देखत. मित्र समोर असताना किशोरांनी पत्करलेला धोका ठळकपणे वाढला. प्रौढांच्या वागण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. फाटकापाशी उभ्या असलेल्या पाच मुलांपैकी दोघांनाच प्रत्यक्ष ओढायचे असते आणि उरलेले तिघे त्या दोघांसमोर उभे असतात म्हणून ओढतात, असे चित्र कुठल्याही अनुभवी शिक्षकाला ओळखीचे वाटेल. यातून शिक्षकासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते: त्या घोळक्याला तिथेच, सगळ्यांसमोर झापणे म्हणजे त्यातल्या म्होरक्याला आणखी मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून देणे. मुलांना आत बोलवावे, आणि मग एकेकट्याशी बोलावे. पालकांनाही पत्रातून हेच सुचवायचे असते की बोलणे भावंडांसमोर किंवा पाहुण्यांसमोर नको.

पालकांकडून येणाऱ्या उत्तरांत एक उत्तर हमखास असते. "रोज थोडीच ओढतो, मित्रांबरोबर कधीतरी एखादी." पूर्वी डॉक्टरही असेच समजत की दिवसाला काही सिगारेटी नियमित होईपर्यंत खरी सवय जडत नाही. अमेरिकेतले डॉक्टर जोसेफ डिफ्रान्झा यांनी शाळकरी मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून हा समज मोडून काढला. काही मुलांमध्ये, ती रोज ओढत नसतानाही, सुरुवातीनंतर अवघ्या काही आठवड्यांत ताबा सुटल्याच्या खुणा दिसू लागल्या. त्यांनी यासाठी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. त्यात दिवसाला किती ओढता हा प्रश्नच नाही. सोडायचा प्रयत्न केला आणि जमले नाही, असे कधी झाले का. जिथे ओढायला मनाई असते तिथे न ओढता राहणे कठीण जाते का. ओढली नाही की चिडचिड होते का, लक्ष लागत नाही असे होते का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. एकाही प्रश्नाला "हो" आले तरी ताबा निसटू लागला आहे असे समजायचे.

यामागचे शरीरशास्त्र पालकांना दोन वाक्यांत सांगता येते. धुरातले निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचायला दहा ते वीस सेकंद लागतात, आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ज्याला सवय लागली आहे त्या मुलाने सकाळच्या घंटेपूर्वी ओढलेल्या सिगारेटचा असर मधल्या सुट्टीच्या आधीच ओसरू लागतो. तो तास त्याला नकोसा होतो, पाय हलत राहतात, साध्या प्रश्नालाही तो तोडून उत्तर देतो आणि घंटा होताच सगळ्यांत आधी बाहेर पडतो. शिक्षकाला यात उद्धटपणा दिसतो आणि पालकाला अभ्यासाचा कंटाळा. एका सिगारेटने त्याचे चित्त स्थिर झाल्यासारखे वाटते ते खरे असते, पण ती अस्थिरता मुळात आधीच्या सिगारेटनेच आणलेली असते. फुप्फुसांच्या कर्करोगाची चित्रे चौदा वर्षांच्या मुलाला पटत नाहीत, कारण पन्नाशी त्याला खरीच वाटत नाही. दुसऱ्या तासाला आपण का चिडतो, हे मात्र त्याला पटते.

"पालकांनी लक्ष ठेवावे" हे दुसरे वाक्य तर पालकाच्या हाती काहीच देत नाही. लक्ष ठेवायचे म्हणजे काय करायचे? दप्तर उलटे करायचे, की बोटांचा वास घ्यायचा? वास ही खूण फसवी आहे. ओढणाऱ्या मित्रांशेजारी उभे राहणाऱ्या मुलाच्या कपड्यांनाही तो येतो, आणि इ-सिगारेट ओढणाऱ्याच्या कपड्यांना येतच नाही. वासावरून पकडलेला आणि प्रत्यक्षात न ओढणारा मुलगा त्या दिवसानंतर घरी काही सांगेल, ही आशा सोडून द्यावी. (मुलगा म्हणतो आहे ते सवयीने, मुलींच्या पालकांना हे पत्र आपल्यासाठी नाही असे वाटते, तेव्हा पत्रात मुलगा आणि मुलगी दोन्ही लिहिणे आवश्यक आहे.)

नुसते "मुलांशी बोला" असे सांगणेही पुरत नाही. याचा एक बोलका पुरावा खुद्द तंबाखू उद्योगाने पुरवला आहे. फिलिप मॉरिस कंपनीने अमेरिकेत पालकांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती दिल्या होत्या, ज्यांचा सारांश मुलांशी धूम्रपानाबद्दल बोला एवढाच होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की वरच्या वर्गांतल्या ज्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यात या जाहिराती अधिक आल्या, त्यांना धूम्रपान कमी घातक वाटत होते आणि पुढे ओढण्याचा त्यांचा इरादा अधिक पक्का होता. बोला, पण का आणि काय बोला हे सांगू नका, अशा सल्ल्याचे मोठ्या मुलांच्या कानी पडताना काय होते ते यातून दिसते. म्हणून पत्राने पालकाला बोलण्याचे दोन-तीन प्रश्न तरी द्यावेत.

ज्या घरात आई किंवा वडील स्वतः ओढतात तिथे हा प्रश्न अधिक अवघड होतो, आणि शाळा सहसा त्याला हात लावत नाही. घरात ओढणारे असले की मुलाने सुरुवात करण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. पण म्हणून अशा पालकाला बोलण्याचा अधिकार उरत नाही असे नव्हे. "मी सोडायचा प्रयत्न केला, अजून सुटलेली नाही" हे वडिलांनी मुलाला सरळ सांगितले, तर डिफ्रान्झांच्या यादीतल्या प्रश्नाचे जिवंत उत्तर त्याला घरातच मिळते. पत्रात याचा उल्लेख दोषारोप न करता एका वाक्यात करता येतो.

राहिले तिसरे वाक्य, कडक कारवाईचे. काय कारवाई ते त्यात नसते, म्हणून पालक सर्वांत वाईट शक्यता धरून चालतात आणि मुलाला वाचवण्याच्या पवित्र्यात जातात. आणि मुले मात्र मागच्या खेपेला काहीच झाले नव्हते हे लक्षात ठेवून निर्धास्त राहतात. अधूनमधून एखाद्याला शाळेतून काही दिवस काढून टाकले जाते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन या दोन राज्यांतल्या विद्यार्थ्यांचा एकत्र पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात असे दिसले की शाळेतून निलंबित झालेल्या मुलांमध्ये वर्षभराने तंबाखूचा वापर आढळण्याची शक्यता अधिक होती, आणि हे इतर कारणे हिशोबात धरूनही. निलंबनामुळेच तसे झाले असे एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, परंतु आठवडाभर रिकामा वेळ, घरात कोणी नाही आणि शाळेशी तुटलेला संबंध, हे सोडण्यासाठी अनुकूल वातावरण खासच नव्हे. ज्या शिक्षेने मूल आपल्या नजरेआड जाते ती शिक्षा इथे उपयोगाची नाही. परिणाम लहान असावा, आधी जाहीर केलेला असावा आणि चुकता कामा नये. आपण सौम्य राहिलो तर धाक उरणार नाही, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना माझे उत्तर हेच असते की धाक शिक्षेच्या आकाराने राहत नाही, ती खात्रीने होते या जाणिवेने राहतो.

हे सर्व धरून पत्र लिहायचे तर ते साधारण असे होईल.

"माननीय पालक, सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन आठवड्यांत, सकाळची घंटा होण्यापूर्वी आणि शाळा सुटल्यानंतर लगेच, मागच्या फाटकालगतच्या भिंतीपाशी आपल्या शाळेतील काही विद्यार्थी सिगारेट ओढताना मी व माझ्या एका सहकाऱ्याने स्वतः पाहिले आहेत. ज्यांना आम्ही ओळखले त्यांच्या पालकांशी आम्ही स्वतंत्रपणे बोललो आहोत. हे पत्र वरच्या वर्गांतील सर्व पालकांना जात आहे. ते आपल्या हाती आले म्हणजे आपल्या मुलावर किंवा मुलीवर आमचा संशय आहे, असे कृपया समजू नये. आपल्या शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी ओढत नाहीत, आणि त्यांनाही त्या भिंतीजवळून निर्धास्तपणे जाता आले पाहिजे.

शाळा भरण्याच्या अर्धा तास आधीपासून शाळा सुटल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत, फाटकाबाहेरची भिंत आणि समोरचा रस्ता यांवर आमचे एक शिक्षक उपस्थित राहतील. कोणी विद्यार्थी सिगारेट किंवा इ-सिगारेट ओढताना दिसल्यास त्याच दिवशी पालकांना दूरध्वनी केला जाईल आणि तीन शालेय दिवसांच्या आत पालक, विद्यार्थी व मी असे तिघे एकत्र बसू. दुसऱ्यांदा दिसल्यास या भेटीला मुख्याध्यापक असतील आणि विद्यार्थ्याला पुढील दोन आठवडे मधली सुट्टी आवारातच घालवावी लागेल. हा नियम प्रत्येकाला सारखा लागू राहील. या कारणासाठी कोणालाही वर्गातून काढले जाणार नाही, गुण कापले जाणार नाहीत आणि कोणाचेही नाव इतरांसमोर घेतले जाणार नाही.

आपल्याला विनंती अशी की या आठवड्यात एकदा आपल्या मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलावे. तू ओढतोस का, या प्रश्नाने सुरुवात करू नये. फाटकापाशी काय चालते, तिथे थांबावे लागते का, कोणी आग्रह केला तर नाही म्हणणे जड जाते का, असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होऊ द्यावे. उत्तर 'हो, मी ओढली आहे' असे आले, तर ते खरे सांगितले गेले आहे याची कदर ठेवावी. मारहाण करू नये. सोडणे जड जात असेल तर मला कळवावे. आपण विश्वासाने जे सांगाल त्यावरून शाळा शिक्षा करणार नाही. आपण स्वतः ओढत असाल, तर ती सोडणे किती कठीण गेले हे आपल्या तोंडून ऐकणे मुलांना उपयोगी पडते.

मुलांना घ्यायला येणाऱ्या मोठ्यांनीही फाटकाच्या परिसरात ओढू नये. शिक्षक व कर्मचारी यांनाही हीच सूचना दिली आहे.

आपली, वर्गशिक्षिका."

या मजकुरातल्या काही गोष्टींची किंमत शाळेला मोजावी लागते, आणि ती मोजायची तयारी नसेल तर ते वाक्य खोडून टाकावे. फाटकावर शिक्षक उभा राहणार असे लिहिले तर पावसातही तो उभा राहिला पाहिजे. बहुसंख्य विद्यार्थी ओढत नाहीत हे खरे आहे म्हणूनच लिहायचे. एखाद्या शाळेत ते खरे नसेल तर तिथे प्रश्न फाटकाचा राहिलेलाच नाही आणि असे पत्र तिथे अपुरे आहे. सर्वांत जड जाते ते शेवटचे वाक्य. भिंतीच्या त्याच टोकाला, मधल्या सुट्टीत, शाळेतलेच कोणी थांबत असतील तर मुलांनी ते कधीच पाहिलेले असते. आधी त्यांच्याशी बोलून मगच पत्र छापायला द्यावे. कर्मचाऱ्यांना वगळून काढलेली सूचना वर्गात वाचली जाते तेव्हा मागच्या बाकांवर जे हसू उमटते त्याचे कारण शोधायला लागत नाही.

फाटकाबाहेरच्या रस्त्यावर शाळेचा काय अधिकार, असा आक्षेप काही पालक घेतील. रस्ता शाळेचा नाही, हे मान्यच आहे. पण पत्रात शाळा रस्त्यावर हक्क सांगत नसून त्या वेळेपुरती आपल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी घेते आहे, आणि तिथे एखादा अपघात झाला असता तर हेच पालक शाळेने लक्ष का दिले नाही असे विचारायला आले असते.

पत्र पाठवण्याच्या पद्धतीकडेही पाहिले पाहिजे. पालकांच्या मोबाइलवरच्या गटात ते टाकले की तासाभरात तर्क सुरू होतात, कोणाच्या तरी मुलाचे नाव निघते, आणि नाव न घेण्याचे शाळेचे वचन शाळेने न मोडताच मोडते. कागदावर छापून, पाकिटात घालून, सुट्टीच्या आदल्या दिवशी नव्हे तर आठवड्याच्या सुरुवातीला ते द्यावे, म्हणजे ज्या पालकाला फोन करावासा वाटेल त्याला समोर चार दिवस मिळतात. फोन येतीलच, आणि त्यांतला बहुतेकांचा प्रश्न एकच असेल: "माझा त्यात आहे का?" ज्यांच्याशी आधी बोलणे झालेले नाही त्यांना "आम्ही पाहिलेल्यांत तो नव्हता" असे सांगता येते. "तो ओढत नाही" अशी ग्वाही मात्र देऊ नये, कारण ती शिक्षकाला ठाऊक नसते. दुसऱ्या कोणाचे नाव विचारले गेले तर ते सांगायचे नाही, मग विचारणारे शाळेच्या समितीवर असोत की आणखी कोणी.

महिन्याभराने पालकांना दुसरे, चार ओळींचे पत्र जायला हवे. किती वेळा दूरध्वनी करावा लागला, किती घरांशी बैठका झाल्या आणि फाटकापाशी आता काय दिसते, एवढे त्यात असावे. भिंत रिकामी झाली पण तोच घोळका पुढच्या वळणावर उभा राहू लागला असेल, तर तेही लिहून टाकावे; पालकांना ते तसेही दोन दिवसांत कळतेच.